अंडरवॉटर सील छातीनळी

फुप्फुसावरणाच्या पोकळीत साचलेली हवा, पू, रक्त किंवा पाणी बाहेर काढून ते परत आत जाऊ न देणारी ही व्यवस्था आहे. बोलीत तिला आयसीडी म्हणतात. बरगड्यांमधून घातलेली नळी जमिनीवरच्या बाटलीत उतरते आणि तिचे टोक पाण्याखाली सुमारे २ सेंमी बुडालेले असते. बाटलीच्या झाकणाला हवा जाण्यासाठी दुसरे उघडे तोंड असते. या पोकळीतला दाब एरवी बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्याने छातीला नुसते उघडे छिद्र ठेवले, तर बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस मिटते. १८७०च्या दशकात हॅम्बुर्गचे गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी बंद निचऱ्याची पद्धत वापरली ती याच अडचणीवर. श्वास सोडताना किंवा खोकताना आतला दाब २ सेंमी पाण्याहून वाढला की हवा बुडबुड्यांनी निघून जाते.

यावर शंका येते, की जोराच्या श्वासाचे खेचणे २० सेंमी पाण्याइतके असताना २ सेंमीचा अडसर कसा पुरेल? उत्तर असे, की परतीची वाट ती खोली नव्हे, तर नळीत चढणारे पाणी अडवते. १ सेंमी आतील व्यासाच्या नळीत पाणी २० सेंमी चढायला सुमारे १६ मिली पाणी लागते. १०० चौरस सेंमी तळाच्या बाटलीत त्याने पातळी जेमतेम दीड मिलिमीटर उतरते, म्हणून टोक बुडालेलेच राहते. बाटली छातीपेक्षा ८० ते १०० सेंमी खाली असल्याने चढलेले पाणी छातीपर्यंत पोहोचतही नाही. बाटली खाटेवर ठेवली, तर हे संरक्षण जाते.

हैदराबादच्या एर्रागड्डा येथील सरकारी छाती रुग्णालयासारख्या क्षयरुग्णालयात पू आणि हवा एकत्र साचलेले रुग्ण येतात. समजा, अशा रुग्णाचा ८०० मिली पू त्याच बाटलीत उतरला. पातळी ८ सेंमी वाढते, टोक १० सेंमी बुडते आणि फुप्फुसातून गळणारी हवा साध्या श्वासाने निघत नाही. ती आत साचते. उपाय म्हणजे बाटली बदलणे किंवा पुवासाठी आधी वेगळी बाटली जोडणे. पूही एका वेळी एक ते दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत, कारण मिटलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्यात पाणी भरू शकते.

नळीतले पाणी श्वासाबरोबर वरखाली होत असेल, तर वाट मोकळी आहे. हालचाल थांबली, तर एकतर फुप्फुस पूर्ण फुलले आहे, नाहीतर नळी तुंबली किंवा मुडपली आहे. भेद एक्स-रे दाखवतो. रुग्ण हलवताना नळी चिमट्याने बंद करावी, असे काहींना सुरक्षित वाटते. पण बुडबुडे येत असलेली नळी बंद केली, की गळणाऱ्या हवेला वाट उरत नाही आणि वाढता दाब हृदयालाही दाबतो. त्यामुळे बाटली छातीखाली ठेवून, नळी उघडीच ठेवून रुग्ण न्यावा.