याम्बुकूच्या पाच सिरिंजा

भिवंडीत पावसाळ्यात कुणाला ताप आला की आधी मलेरियाचाच संशय येतो, आणि पेशंट डॉक्टरांना म्हणतो, "एक सुई मारा." ही सवय डोक्यात ठेवा, मग १९७६ सालची गोष्ट वाचा.

तेव्हाच्या झाईरमध्ये याम्बुकू नावाच्या गावात मिशनचं १२० खाटांचं रुग्णालय होतं. २६ ऑगस्टला तिथल्या शाळेचे एक शिक्षक ताप घेऊन आले. मलेरिया समजून त्यांना क्लोरोक्विनचं इंजेक्शन दिलं गेलं. ताप उतरला, पण १ सप्टेंबरला परत चढला. पुढे रक्तस्राव सुरू झाला आणि ८ तारखेला ते गेले. दरम्यान तिथे इंजेक्शन घेऊन गेलेली इतर माणसंही आजारी पडू लागली होती.

बाहेरून आलेल्या तपास पथकाला जे सापडलं ते अगदी साधं होतं. बाह्यरुग्ण विभागात नर्सेसना रोज सकाळी पाच सिरिंजा मिळायच्या. दिवसभर त्याच वापरायच्या, मधे फक्त कोमट पाण्यात खंगाळायच्या. रोग कसा लागला हे कळलेल्या २८८ रुग्णांपैकी ८५ जणांना तो इंजेक्शनमधूनच लागला होता. त्यातलं एकही वाचलं नाही. शिक्षकांना मुळात कुठून लागण झाली, हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही. पहिला रुग्ण सापडला म्हणजे उगम सापडला, असं तुमच्या प्रबंधात लिहू नका!

एकूण ३१८ रुग्ण झाले, २८० दगावले. सतरापैकी अकरा कर्मचारी गेल्यावर रुग्णालय बंद झालं. मग साथ ओसरू लागली.

इबोला हवेतून पसरत नाही. रक्त, उलटी, जुलाब, घाम अशा शरीरद्रवांतून तो जखमेवाटे किंवा डोळे-नाक-तोंडातून शिरतो. लक्षणं दिसायला २ ते २१ दिवस लागतात आणि तोवर माणूस संसर्ग देत नाही. आधी ताप, अंगदुखी, प्रचंड थकवा, म्हणजे हुबेहूब मलेरियाच. काही दिवसांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. रक्तस्राव सगळ्यांना होत नाही, बरेच जण पाणी कमी होऊन शॉकमध्ये जातात. आजार जितका बळावतो तितका विषाणू वाढतो, म्हणून सर्वांत जास्त धोका शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणाऱ्याला आणि प्रेताला आंघोळ घालणाऱ्याला.

याच साथीत आजारी नन्सना किन्शासाच्या रुग्णालयात हलवलं होतं. तिथल्या एका नर्सला लागण झाली आणि ती वारली. पण रुग्ण वेगळ्या खोलीत, गाऊन-हातमोजे-मास्क घालूनच आत जायचं, संपर्कातल्या लोकांवर लक्ष ठेवायचं, एवढं पाळल्यावर तिच्यापासून पुढे कुणालाही झाला नाही. लाखोंच्या वस्तीचं शहर वाचलं.

आज या यादीत आणखी एक भर आहे: पोशाख काढताना दुसऱ्या माणसाने समोर उभं राहून प्रत्येक पायरी बघायची. कारण दमलेला माणूस माखलेला हातमोजा हमखास चेहऱ्याकडे नेतो.