एका टक्क्याच्या तीन गोष्टी

शेअर घ्यायला लागलो तेव्हा माझ्याकडे एकच चाळणी होती. ॲपमध्ये ‘आरओई १५ टक्क्यांच्या वर’ एवढं टाकायचं आणि यादीत जे येईल ते चांगलं समजायचं. आरओई म्हणजे मालकांच्या शंभर रुपयांवर कंपनीने वर्षात किती कमावलं. असाच एक शेअर घेतला, आणि दीड वर्षात पैसे निम्मे झाले. आरओई खोटा नव्हता. तो कुठून आला, हे मी विचारलंच नव्हतं.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी विचारून ठेवलेला आहे. अमेरिकेतल्या विल्मिंग्टनची ड्यू पाँ ही तेव्हा स्फोटकं बनवणारी कंपनी. तिथे डोनाल्डसन ब्राउन नावाचा इंजिनियर विक्री खात्यात लागला होता. १९१२ च्या सुमारास त्याने एक साधी मांडणी केली. गुंतवलेल्या पैशावरचा परतावा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: विक्रीतून नफा किती उरतो, आणि गुंतवलेल्या पैशाच्या किती पट विक्री वर्षात होते.

सराफ आणि भाजीवाला डोळ्यांसमोर आणा. सराफाला एका दागिन्यात बरंच सुटतं, पण दागिना महिनोन्‌महिने काचेत पडून राहतो. भाजीवाल्याला जुडीमागे थोडंच मिळतं, पण त्याचे पैसे रोज संध्याकाळी मोकळे होतात. वर्षअखेरीला दोघांचा परतावा सारखा असू शकतो. पण धंदा बिघडला, तर सराफाने काय तपासायचं आणि भाजीवाल्याने काय, हे वेगळं असतं.

ब्राउनच्या मांडणीचा कस जनरल मोटर्समध्ये लागला. १९१७ च्या अखेरीस ड्यू पाँने या मोटार कंपनीत अडीच कोटी डॉलर घालायचं ठरवलं. १९२० मध्ये मागणी कोसळली, तरी कारखाने माल घेतच होते. वर्ष सरत आलं तेव्हा सुमारे २१ कोटी डॉलर निव्वळ साठ्यात अडकले होते. १९२१ मध्ये ब्राउन तिथे आर्थिक कारभार पाहायला आला. गाडीची किंमत वाढवून हे दुखणं बरं होणार नव्हतं, कारण ते नफ्याच्या टक्क्यात नव्हतं, उलाढालीत होतं. खरेदीवर लगाम आला, साठा उतरला. तरी १९२४ मध्ये विक्रेत्यांची आवारं पुन्हा न विकलेल्या गाड्यांनी भरली. मग दर दहा दिवसांनी विक्रेत्यांकडून विक्रीचे आकडे मागवून उत्पादन त्याप्रमाणे हलवायची पद्धत बसवली गेली.

ब्राउनच्या गुणाकारात कर्ज नव्हतं. पुढे लक्ष मालकांच्या परताव्यावर गेलं, तेव्हा तिसरा आकडा जोडला गेला: एकूण मालमत्ता मालकांच्या पैशाच्या किती पट आहे. म्हणजे उसन्या पैशाची शिडी किती उंच आहे.

ती शिडी पाहायची तर लेहमन ब्रदर्सचं २००७ चं वर्ष घ्या. व्याजाचा खर्च वजा जाता उत्पन्न सुमारे १९.३ अब्ज डॉलर, नफा ४.२ अब्ज, मालमत्ता ६९१ अब्ज, मालकांचे पैसे २२.५ अब्ज. आरओई निघतो १८.७ टक्के. माझ्या चाळणीतून अगदी आरामात पास!

आता तो फोडू. उत्पन्नातला जवळपास २२ टक्के भाग नफा म्हणून उरला, झकास. मालमत्तेच्या दर शंभर डॉलरमागे उत्पन्न तीन डॉलरहूनही कमी. या दोन्हींचा गुणाकार केला, तर मालमत्तेवरची कमाई शेकडा ६० सेंटच्या आसपास येते. उरलेलं काम तिसऱ्या आकड्याचं: मालमत्ता मालकांच्या पैशाच्या ३०.७ पट. साठ सेंटचे अठरा डॉलर झाले ते इथे.

हीच पट उलटीही चालते. मालमत्तेची किंमत साडेतीन टक्के घसरली, की मालकांचे सगळे पैसे गेले. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ताळेबंद हा एका दिवसाचा फोटो असतो. तिमाही संपताना लेहमन काही मालमत्ता तात्पुरती ‘विकल्याचं’ दाखवून थोड्या दिवसांत परत घेत असे. २००८ च्या मध्याला असे सुमारे ५० अब्ज डॉलर फोटोबाहेर होते. शिवाय बँका आणि वित्तसंस्था मुळातच दुसऱ्यांच्या पैशावर चालतात, त्यामुळे त्यांची पट साबणाच्या कंपनीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी आणि त्याच कंपनीच्या मागच्या पाच वर्षांशी ताडायची.

माझ्या त्या शेअरचे जुने अहवाल मी नंतर उघडले. चार वर्षं आरओई १८ च्या आसपास स्थिर. आत मात्र नफ्याचं प्रमाण दरवर्षी उतरत होतं, उलाढाल जागच्या जागी होती, आणि कर्जाची पट तेवढीच चढत होती. आकडा स्थिर होता, कारण एक बाजू खचत असताना दुसरीकडून टेकू लावला जात होता. अहवालात सगळं छापलेलं होतं. दोन भागाकार आणि दहा मिनिटं, एवढंच लागलं असतं.