सरासरीआड दडलेली वेतन-तफावत

'आमच्याकडे पगार बाजारभावाप्रमाणेच आहेत,' असे बहुतेक मध्यम आकाराच्या कंपन्यांचे व्यवस्थापन ठामपणे सांगते. तरीही नेमके अनुभवी कर्मचारीच राजीनामे देऊ लागतात, तेव्हा या विधानाची तपासणी करण्याची वेळ येते. त्यासाठी मनुष्यबळ विभाग जे साधन वापरतात त्याला 'कॉम्पा-रेशो' म्हणतात. हे गणित अतिशय सोपे आहे. मात्र त्याचा अर्थ लावताना चूक होण्याची शक्यता तितकीच मोठी आहे.

गणित काय आहे?

कंपनीतील प्रत्येक पदाला एक वेतनश्रेणी ठरवून दिलेली असते. तिला किमान आणि कमाल मर्यादा असते, तसेच एक मध्यबिंदू असतो. काम पूर्णपणे अवगत असलेल्या व्यक्तीला बाजारात साधारणपणे जे वेतन मिळते, ते मध्यबिंदूवर असावे, अशी अपेक्षा असते. कर्मचाऱ्याच्या पगाराला या मध्यबिंदूने भागले, की कॉम्पा-रेशो मिळतो. तो १.०० असेल तर पगार बरोबर मध्यावर आहे. किमान आणि कमाल मर्यादा मध्यबिंदूच्या २० टक्के खाली-वर असतील, तर हा आकडा ०.८० ते १.२० या दरम्यान राहतो. नवख्याचा ०.८५ असणे स्वाभाविक आहे. परंतु चार वर्षे तेच काम उत्तम रीतीने करणाऱ्याचा ०.८५ असेल, तर तो चिंतेचा विषय ठरतो.

बारा अभियंत्यांचे उदाहरण

समजा, सुमारे चारशे कर्मचाऱ्यांच्या एका यंत्रभाग निर्मिती कंपनीत बारा वरिष्ठ अभियंते आहेत. त्यांची वेतनश्रेणी वार्षिक ८ ते १२ लाख रुपये आणि मध्यबिंदू १० लाख रुपये आहे. बारा जणांच्या पगाराची बेरीज १ कोटी १६ लाख २० हजार रुपये होते. म्हणजे सरासरी पगार सुमारे ९ लाख ६८ हजार आणि सरासरी कॉम्पा-रेशो ०.९७. संचालक मंडळापुढे हा आकडा ठेवला, तर कुणीही समाधान व्यक्त करील.

आता याच बारा जणांचे दोन गट करू. पाच जण गेल्या दीड वर्षात बाहेरून आलेले आहेत. त्यांची सरासरी १.०५ आहे. उरलेले सात जण कंपनीतच बढती मिळवून या पदावर पोहोचले आहेत आणि त्यांची सरासरी अवघी ०.९१ आहे. काम शिकवणारे मागे आणि शिकणारे पुढे, अशी ही स्थिती होय. याचे कारण दुष्ट हेतूत नसून पद्धतीत आहे. बाहेरच्या उमेदवाराला बाजारभाव द्यावाच लागतो. आतल्या माणसाला मात्र जुन्या पगारावर ठरावीक टक्के वाढ मिळते. मूळ पगार कमी असेल, तर बढतीनंतरही तो मागेच राहतो.

स्त्री-पुरुष तफावत

या बारा जणांत चार महिला आहेत. त्यांची सरासरी ०.९२ आणि पुरुषांची जवळपास १.०० येते. या आठ अंकांच्या फरकावरून लगेच निष्कर्ष काढणे योग्य नाही, कारण चारपैकी तीन महिला बढतीच्या गटातील आहेत आणि त्या गटातील सर्वांचेच पगार मागे आहेत. म्हणून तुलना गटाच्या आत करावी लागते. बढती मिळालेल्या चार पुरुषांची सरासरी ०.९३, तर तीन महिलांची ०.८८ आहे. फरक आठवरून पाचावर आला. पण तो नाहीसा झाला नाही. बाहेरून आलेली महिला एकच असल्याने त्या गटाबाबत काही म्हणता येत नाही.

उरलेल्या पाच अंकांचा उलगडा सरासरीतून होत नाही. त्यासाठी व्यक्तिगत नोंदी उघडाव्या लागतात. आपल्या उदाहरणात ८ लाख ६० हजार घेणारी महिला आणि साडेनऊ लाख घेणारा पुरुष यांचा अनुभव व मूल्यांकनाचा दर्जा सारखाच आहे, असे धरू. नोंदी पाहता दोन गोष्टी दिसतात. नोकरीवर घेताना तिचा पगार आधीच्या ठिकाणच्या कमी पगारावरून ठरला होता. पुढे प्रसूती रजेच्या वर्षी मूल्यांकन झाले नाही, म्हणून त्या वर्षीची वाढही मिळाली नाही. पुढची प्रत्येक टक्केवारी त्या कमी पगारावरच मोजली गेल्याने अंतर रुंदावत गेले.

कायद्याच्या दृष्टीनेही हा मुद्दा गंभीर आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी वेतनात लिंगभेद करण्यास ती मनाई करते. ही समानता साधण्यासाठी कुणाचेही वेतन कमी करता येत नाही. म्हणजे दुरुस्तीचा मार्ग वाढीचाच.

कोण जाण्याची शक्यता आहे?

केवळ कमी कॉम्पा-रेशोवरून हे ठरत नाही. चांगले मूल्यांकन, श्रेणीत दोनपेक्षा अधिक वर्षे आणि ०.९० पेक्षा कमी आकडा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की त्या नावाकडे तातडीने पाहावे. मूल्यांकन सुमार असेल, तर कमी आकडा योग्यही असू शकतो.

आपल्या उदाहरणात साडेनऊ लाखांच्या खाली पाच जण आहेत. सर्वांचे मूल्यांकन चांगले आहे असे धरून त्यांना ०.९५ पर्यंत आणल्यास वर्षाला २ लाख ८० हजार रुपये, म्हणजे या गटाच्या वेतनखर्चाच्या सुमारे २.४ टक्के लागतील. उलट ८ लाख ६० हजारांची ती अभियंता सोडून गेली आणि तिच्या जागी साडेदहा लाखांचा माणूस घेतला, तर वार्षिक १ लाख ९० हजारांचा बोजा वाढतो. भरती संस्थेचे शुल्क एका महिन्याच्या पगाराइतके धरल्यास त्यात आणखी सुमारे ८७ हजारांची भर पडते. पहिल्या वर्षापुरता विचार केला, तर एकाच राजीनाम्याची किंमत पाच जणांच्या दुरुस्तीइतकी होते.

मध्यबिंदूच शिळा असेल तर?

या सर्व हिशेबाचा पाया मध्यबिंदू आहे. तो दोन वर्षांत बदललेला नसेल आणि दरम्यान बाजार ८ टक्क्यांनी वाढला असेल, तर खरा मध्यबिंदू १० लाख ८० हजार ठरतो. मग बढतीच्या गटाचा आकडा ०.९१ नसून ०.८४ होतो, आणि नव्यांचा १.०५ उतरून ०.९७ वर येतो. म्हणजेच नव्यांना जादा पगार दिलेला नव्हता. जुनेच मागे पडले होते. नवी भरती सातत्याने मध्यबिंदूच्या वर होत असेल, तर मध्यबिंदू जुना झाल्याची ती पहिली खूण समजावी. अशा वेळी वरील २ लाख ८० हजारांची तरतूदही अपुरी पडेल.

आणखी एक पथ्य पाळावे लागते. मध्यबिंदू स्थिर वेतनाचा असेल, तर पगारही स्थिर वेतनाचाच घ्यावा. एकाची 'सीटीसी' आणि दुसऱ्याचे स्थिर वेतन यांची तुलना केल्यास नसलेली तफावत दिसते, किंवा असलेली झाकली जाते. शिवाय बारा जणांच्या गटात एखाद-दुसऱ्या पगारानेही सरासरी हलते. म्हणून लहान गटांत सरासरी केवळ कुठे पाहायचे ते सुचवते. निर्णय मात्र एकेका व्यक्तीची रुजू होण्याची तारीख, सुरुवातीचा पगार आणि वाढीचा इतिहास समोर ठेवूनच घ्यावा लागतो.