'हो' आणि 'हो.' यांत फरक काय? चॅटवर समोरच्याशी जुळवून घेताना

चॅटवर आवाज नसतो. त्यामुळे मेसेजची लांबी, विरामचिन्हं आणि उत्तराचा वेग यांवरूनच सूर ओळखला जातो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५ मधल्या अभ्यासात, एका शब्दाच्या उत्तरानंतर पूर्णविराम असला की ते विद्यार्थ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र हा फरक दिसला नाही.

पण पूर्णविराम कोणाचा, हेही बघावं लागतं. समजा, पुण्यात शिकणाऱ्या मुलीला मावशीचा मेसेज आला: "पोचलिस का. जेवलिस का. कळव." हा राग नाही, लिहिण्याची सवय आहे. नुसतं "हो" तुटक वाटेल आणि दहा ओळींचं उत्तर मावशी अर्धवट वाचेल. "हो मावशी, आठला पोचले. जेवण झालं. उद्या फोन करते." हे बरोबर बसतं. वाक्यं मावशीइतकीच छोटी, पूर्णविरामही आहेत, पण शब्द मुलीचे स्वतःचे. मावशीचं 'पोचलिस' तसंच उचललं असतं तर ती चेष्टा झाली असती.

नेहमी "होओओ" लिहिणारी मैत्रीण अचानक "हो." लिहू लागली, तर गोष्ट वेगळी. तिथे "बरं." पाठवलं की दोघीही गप्प बसतात. अशा वेळी लांबी तिच्याएवढीच ठेवावी, सूर मात्र घेऊ नये: "काही झालंय का गं?" आणि तिने दोन तासांनी उत्तर दिलं म्हणून मुद्दाम दोन तास थांबणं, हा तर निव्वळ हिशेब चुकता करणं झालं.