तूप : रोजचा आहार, हृदयविकार आणि पचन

लोणी कढवून त्यातील पाणी उडवले आणि बेरी गाळून टाकली की उरणारा दुधातील जवळजवळ शुद्ध स्निग्धांश म्हणजे तूप. त्याचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. प्रथिने आणि दुग्धशर्करा ताकात व बेरीत निघून जातात. म्हणूनच दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना तूप सोसते. ‘ए-टू’ हे दुधातील एका प्रथिनाचे नाव असल्याने तुपाच्या बरणीवर त्या नावाने चढी किंमत लावण्यातही फारसा अर्थ राहत नाही.

तुपातील मेदाम्लांपैकी ६० टक्क्यांहून थोडी अधिक संतृप्त असतात. चहाचा एक सपाट चमचा तूप म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. त्यातून ४५ कॅलरी आणि ३ ग्रॅम संतृप्त मेद मिळतो. संतृप्त मेदामुळे यकृत रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल कमी प्रमाणात उचलते आणि त्याची रक्तातील पातळी वाढते. गाय देशी असल्याने किंवा तूप घरी कढवल्याने यात मोठा फरक पडत नाही. वनस्पती तुपापेक्षा साजूक तूप बरे असे म्हणत, ते मात्र खरे होते. जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपात भरपूर ट्रान्स मेद असे. भारतात २०२२पासून तेला-तुपांत त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण ही तुलना शेंगदाणा, मोहरी किंवा करडईच्या तेलाशी केली, तर एलडीएलच्या बाबतीत तूप मागे पडते.

एलडीएल कमी करण्याची गरज असलेल्यांनी एकूण कॅलरींपैकी ६ टक्क्यांहून कमी कॅलरी संतृप्त मेदातून घ्याव्यात, असे अमेरिकन हार्ट असोसिएशन सुचवते. अँजिओप्लास्टी झालेल्या आणि दिवसाला १,८०० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीला हा हिशेब लावला, तर वाट्याला १२ ग्रॅम येतात. आता तिचा दिवस पाहू. चहा-दही मिळून २०० मिलिलिटर गायीचे दूध लागले, तर साधारण साडेचार ग्रॅम तिथेच गेले. फोडणी, भाजी, पोळी यांत चार चमचे शेंगदाणा तेल पडले की आणखी साडेतीन. शेंगदाण्याचे कूट, धान्ये, डाळी यांतून दोनेक ग्रॅम येतात. असे दहा ग्रॅम झाल्यावर तुपासाठी दोन उरतात, म्हणजे एक पूर्ण चमचाही नाही. तेच दूध दुहेरी टोन्ड घेतले, तर अडीच ग्रॅम वाचतात आणि वरणभातावरचा एक चमचा हिशेबात बसतो. त्या दिवशी खोबऱ्याचे वाटण, चीज किंवा मटण असेल, तर तो पुन्हा बसत नाही.

म्हणून हृदयरोग्याने तूप वर्ज्यच केले पाहिजे असे नाही. दिवसाला एक चमचा ही बहुतेकांसाठी वरची मर्यादा धरावी आणि तीही इतर मेद घटवून. घोटाळा होतो तो मोजण्यात. गरम भातावर सोडलेली धार सहज तीन चमचे भरते, आणि पोळ्यांना लावलेले तूप कोणी मोजत नाही. सकाळी चमच्याने छोट्या वाटीत काढून ठेवलेले तूप दिवसभर पुरवणे हा सोपा उपाय आहे. आहारातला बदल दोन-तीन महिने टिकवून एलडीएल पुन्हा तपासले की तो पुरेसा आहे की नाही ते कळते. एलडीएल चढेच राहिले, तर तूप आणखी कमी करावे. स्टॅटिन चालू आहे म्हणून तुपाला मोकळीक मिळत नाही.

तुपाने आतडे बरे होते या दाव्यामागे ब्यूटिरिक आम्ल आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशी ब्यूटिरेटवर जगतात हे खरे, आणि तुपात ३-४ टक्के ब्यूटिरिक आम्ल असते हेही खरे. मात्र ते जठरात व लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषले जाते; मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ पोचत नाही. शिवाय एका चमच्यातून ते जेमतेम दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम मिळते. डाळी, भाकरी, भाज्या यांतील तंतू आंबवून आतड्यातले जीवाणू तिथल्या तिथेच कितीतरी पट ब्यूटिरेट तयार करतात.

आयुर्वेदात घृताला अग्निदीपक म्हटले आहे. पण तिथेही मात्रा व्यक्तीच्या पचनशक्तीनुसार ठरते. ही अट आजच्या जाहिरातींतून गळलेली दिसते. स्निग्ध पदार्थाने पित्ताशय आकुंचन पावते आणि जठर सावकाश रिकामे होते. त्यामुळे पित्ताशयात खडे असलेल्याला तुपाने कळ येऊ शकते आणि छातीत जळजळ होणाऱ्याची जळजळ वाढू शकते. रात्री गरम दुधातून तूप घेतल्यावर सकाळी पोट साफ होते असे अनेक जण सांगतात. त्यात गरम पेयाचाही वाटा असतो, आणि एवढ्यावरून आतड्याचा आजार बरा झाला असे ठरत नाही. शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे यांवर तूप हा उपाय नाही. अशा वेळी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.