कार्यालयाचा भाडेपट्टा : प्रारंभाची नोंद (इंड एएस 116)

भाड्याने घेतलेल्या कार्यालयाचा ताबा मिळाला, की त्या दिवशी भाडेकरू कंपनी आपल्या पुस्तकात दोन रकमा आणते. एक म्हणजे ठरलेल्या काळात जागा वापरण्याचा हक्क, ही मालमत्ता. दुसरी त्या हक्कापोटी पुढे द्यायचे भाडे, हे दायित्व. भारतात ही पद्धत इंड एएस 116 या लेखामानकाने 1 एप्रिल 2019 पासून सुरू केली. त्याआधी कार्यालयाचे भाडे साधारणतः दरमहा खर्चात जाई आणि ताळेबंदात त्याचा मागमूस नसे. मानक कंपनी कायद्याखाली अधिसूचित झाले आहे, त्यामुळे ते सर्वांना लागू नाही. बुलडाणा अर्बनसारखी सहकारी पतसंस्था कंपनी नसल्याने त्यात येत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च 2019 मध्ये सर्वच इंड एएस लेखामानके पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकली. परंतु 250 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ मूल्य असलेल्या बिगरबँक वित्तकंपन्यांना ती लागू आहेत. म्हणून खामगावात एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर बँकेची शाखा आणि वर अशा वित्तकंपनीची शाखा असेल, तर जवळपास सारख्याच करारांची नोंद दोन वेगळ्या रीतींनी होते.

नोंदीत वाद होतो तो बहुधा व्याजदरावर. रक्कम मात्र मुख्यतः मुदतीने ठरते. खामगावातील एका वित्तकंपनीच्या शाखेचे कल्पित उदाहरण घेऊ. लिव्ह अँड लायसन्स करार 60 महिन्यांचा, भाडे दरमहा 40,000 रुपये, महिन्याच्या सुरुवातीला द्यायचे, मध्ये वाढ नाही. बिनव्याजी परत मिळणारी अनामत 2,40,000 रुपये. कंपनीला तितक्याच मुदतीसाठी, तशाच तारणावर कर्ज काढायचे तर दरमहा 1 टक्का व्याज पडेल असे धरू. जागेचे मूल्य आणि मालकाचा अपेक्षित परतावा भाडेकरूला सहसा माहीत नसतो, म्हणून करारातला अंतर्निहित दर न काढता हा वाढीव कर्जाचा दर घेतात. पहिले भाडे ताब्याच्या दिवशीच दिलेले असल्याने उरलेल्या 59 हप्त्यांचे आजचे मूल्य काढायचे:

```
40,000 × (1 − 1.01^−59) ÷ 0.01 = 17,76,184
```

हे झाले दायित्व. मालमत्तेसाठी यात आणखी तीन गोष्टी मिळवायच्या. पहिली, दिलेले 40,000 रुपये भाडे. दुसरी, करार मिळवण्यासाठीच झालेला खर्च : दलाली 40,000, मुद्रांक शुल्क 6,300 आणि नोंदणी शुल्क 1,000, मिळून 47,300. यातले मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरचे वार्षिक 10 टक्के काल्पनिक व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्क्याने निघते. तिसरी गोष्ट अनेक पुस्तकांत सुटते. पाच वर्षांनी परत मिळणारी बिनव्याजी अनामत आज 2,40,000 च्या मोलाची नसते. वार्षिक 8 टक्के दराने ती 1,63,340 भरते आणि उरलेले 76,660 रुपये म्हणजे खरे तर आगाऊ दिलेले भाडेच. मालमत्तेची बेरीज होते 19,40,144 रुपये. रोजकीर्दीत वापरहक्क मालमत्ता 19,40,144 आणि अनामत 1,63,340 नावे पडतात. भाडेपट्टा दायित्व 17,76,184 आणि बँक 3,27,300 जमा होतात. दोन्ही बाजू 21,03,484 ला जुळतात. तारीख पडते ती ताब्याची. मालकाने फर्निचरचे काम करण्यासाठी चावी आधी दिली आणि भाडे दोन महिन्यांनी सुरू केले, तरी प्रारंभ चावीच्या दिवशीच होतो. ताबापावती आणि रोजकीर्द यांच्या तारखा जुळल्या नाहीत, तर चूक इथेच झालेली असते.

आता याच आकड्यांत एकेक गोष्ट बदलून पाहू. दर वार्षिक 12 ऐवजी 10 टक्के घेतला तर दायित्व सुमारे 18.58 लाख होते, म्हणजे 82 हजारांनी वाढते. दर तोच ठेवून मुदत 60 ऐवजी 36 महिने धरली तर ते सुमारे 11.76 लाखांवर येते, म्हणजे सहा लाखांनी घसरते. दराच्या वादात जितके दिवस जातात, त्याहून अधिक मुदतीच्या प्रश्नाला द्यायला हवेत, हे या दोन फरकांवरून दिसते. आपल्याकडील करारांत ही मुदत कागदावरच्या आकड्याइतकी सरळ नसते. 60 महिन्यांच्या करारात पहिले 36 महिने लॉक-इन असतो आणि त्यानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन जागा सोडता येईल अशी अट असते. सोडण्याचा हक्क फक्त भाडेकरूला असेल, तर तो हक्क वापरणार नाही याची वाजवी खात्री आहे का, हे तपासायचे. तिजोरीची खोली, पार्टिशन, वायरिंग यांवर मोठा खर्च केलेला असेल आणि खातेदारांना पत्ता पाठ झाला असेल, तर 60 महिने धरणे योग्य. पण जागामालकालाही लॉक-इननंतर करार मोडता येत असेल आणि मोडल्याने कुणाचेच फारसे नुकसान होणार नसेल, तर लॉक-इन आणि नोटिशीच्या काळापुढे अंमलात आणता येईल असा करारच उरत नाही. हे नुकसान मोजताना नोटिशीतल्या दंडावर थांबू नये, वाया जाणारे फर्निचरही त्यात धरावे.

यावर पहिला आक्षेप असा, की आमचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि दरवर्षी नवा होतो, म्हणजे दायित्व नाहीच. बारा महिन्यांपर्यंतच्या भाडेपट्ट्यांना सवलत आहे, हे खरे. ती मालमत्तेच्या त्या प्रकाराला सरसकट घ्यावी लागते आणि करारात खरेदीचा पर्याय नसावा लागतो. मात्र नूतनीकरण भाडेकरूच्या मर्जीवर असेल आणि तो ते करणार हे उघड असेल, तर मुदत अकरा महिने राहत नाही. मालकाची संमती लागत असेल, तर तो भाडेकरूचा हक्क ठरत नाही आणि केवळ वर्षानुवर्षांच्या चालीवर दायित्व उभे राहत नाही. अशा वेळी मालकाला नकार देणे किती महाग पडेल, हेही पाहावे लागते. दुसरा आक्षेप कायद्याचा : महाराष्ट्रात भाडेकरूला संरक्षण आहे, मग मुदत दहा-पंधरा वर्षे का धरू नये? उत्तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 3 मध्येच आहे. एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या या संरक्षणाबाहेर आहेत आणि लेखामानकाच्या कक्षेत येणाऱ्या वित्तकंपन्या बहुतेक त्यातच मोडतात. त्यांच्यासाठी करारात लिहिले आहे तेच खरे. तिसरा आक्षेप असा, की लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हेच. सुविधाधिकार कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा हा भेद मानतात, पण लेखामानक एवढेच विचारते, की ठरावीक जागेच्या वापरावर ताबा कुणाचा. कार्यालयाच्या बाबतीत तो सहसा भाडेकरूचाच असतो.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे. अजून न वापरलेल्या महिन्यांचे भाडे हे कर्ज कसे? जितके महिने भाडेकरू नुकसान न सोसता जागा सोडू शकतो, तितक्यांपुरता आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच ते महिने मोजणीत येत नाहीत. जितके महिने तो बांधलेला आहे, तितक्यांची रक्कम त्याने चावी घेतली त्याच दिवशी कबूल केलेली असते. म्हणून नोंदीसोबत फाइलमध्ये मुदतीचे टिपण असावे : लॉक-इन किती, नोटीस कुणी कुणाला द्यायची, फर्निचरवर किती खर्च, नूतनीकरण कुणाच्या हाती. दराचा तक्ता कितीही नेटका असला, तरी हे टिपण नसेल तर 17,76,184 हा आकडा तपासताच येत नाही.