हरवलेला हातचा: बायनरी सर्चमधली साठ वर्षं जुनी चूक

आजची गोष्ट एका बेरजेची आहे. शाळेत आपण हातचा धरायला शिकलो ना, तो धरायला संगणकवाले विसरले त्याची.

जून 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी एका लेखात जाहीर केलं, की जगातले जवळजवळ सगळे बायनरी सर्च चुकीचे आहेत. यात त्यांनी स्वतः जावासाठी लिहिलेलाही आला. तो सुमारे नऊ वर्षं सगळे बिनधास्त वापरत होते, आणि मग कुणाचा तरी प्रोग्राम त्याच्यामुळे बंद पडला. बरं, ही पद्धत काही नवी नव्हती. जॉन मॉकली यांनी 1946 मध्येच ती व्याख्यानात सांगितली होती. जॉन बेंटली यांनी तर 1980 च्या दशकात आपल्या पुस्तकात ती बरोबर असल्याची सिद्धताही दिली होती. तरी चूक राहिलीच.

पद्धत तुम्हाला माहीत असेल. यादी क्रमाने लावलेली असते. आपण मधला घटक बघतो आणि हवी ती किंमत मोठी असेल तर डावा अर्धा भाग सोडून देतो. मधली जागा काढायची म्हणजे `low` आणि `high` यांची बेरीज करून दोनने भागायचं. घोळ इथेच आहे.

मला तो नीट कळला तो 6502 या जुन्या चिपवर. ॲपल टू मध्ये हीच चिप होती. तिचं रजिस्टर आठ बिटांचं, म्हणजे त्यात 255 पर्यंतच आकडा मावतो. समजा यादीत 0 ते 250 अशा जागा आहेत आणि आपल्याला हवा असलेला घटक अगदी शेवटी, 250 वर आहे. पहिला मध्य 125, बरोबर. पुढे जायचं म्हणून `low` झाला 126. आता 126 अधिक 250 म्हणजे 376. हे मावत नाही, म्हणून 256 गळून 120 उरतात. त्याचे निम्मे 60. खरा मध्य 188 हवा होता!

यापुढची गंमत मी कागदावर करून पाहिली. `low` होतो 61, मग 28, 12, 4, 128, 62, 29 आणि पुन्हा 12. इथून तेच चक्र सुरू. प्रोग्राम ना सापडलं म्हणतो, ना नाही म्हणतो. नुसता फिरत राहतो. आणि यादीत 128 किंवा कमी घटक असतील तर यातलं काहीच दिसत नाही, कारण बेरीज 254 च्या वर जातच नाही. लहान यादीवर चाचणी घेतली तर सगळं ठीकच दिसणार.

आता असेंब्लीतला उपाय बघा:

```
clc
lda low
adc high
ror a
sta mid
```

बेरजेतले 256 खरं तर हरवलेले नसतात. ते कॅरी फ्लॅग नावाच्या एका बिटात, हातचा म्हणून, थांबलेले असतात. `ror` सगळे बिट एक घर उजवीकडे सरकवतो, म्हणजे निम्मे करतो, आणि रिकाम्या झालेल्या डाव्या घरात तो हातचा आणून बसवतो. 120 चे निम्मे 60, त्यात 128 मिळवले की 188. एकदम बरोबर! फक्त सुरुवातीचं `clc` विसरलात तर आधीचा हातचा बेरजेत शिरतो. आणि `adc` नि `ror` यांच्यामध्ये तुलनेची सूचना घातलीत तर ती हातचा पुसून टाकते.

मग जावात काय झालं? तिथे `int` 32 बिटांचा, चिन्हासह, 2147483647 पर्यंत. 1500000000 आणि 1600000000 यांची बेरीज केली तर उत्तर येतं -1194967296. निम्मे केले तरी उणेच, आणि उणे जागा ॲरेत नसते. निदान प्रोग्राम तिथेच अडतो, म्हणून चूक कळते. पण त्यासाठी अब्जाहून जास्त घटकांची यादी लागते. 1986 मध्ये असल्या याद्या होत्या कुठे?

दुरुस्ती एवढीशीच होती:

```
int mid = (low + high) >>> 1;
```

`>>>` चिन्हाचं बिट साधं बिट मानून सरकवतो. x86 वर हाच फरक `sar` आणि `shr` यांच्यात आहे. मात्र `low`, `high` पूर्ण 32 बिट भरणारे असतील तर `shr` पुरत नाही. तिथे हातचा सोबत घेणारा `rcr` लागतो. कुठल्याही भाषेत चालेल असं हवं असेल तर आधी वजाबाकी करा: `low + (high - low) / 2`. यात मोठी बेरीज होतच नाही.

बेंटलींची सिद्धता कागदावर खोटी नव्हती. कागदावरच्या पूर्णांकांना मर्यादा नसते, रजिस्टरला असते, एवढंच. असेंब्लीत हातचा डोळ्यांसमोर असतो. वरच्या भाषांनी तो झाकला, आणि आपण तो विसरलो. तुमच्या जुन्या कोडमध्ये `(low + high) / 2` कुठे आहे का, आज जरा शोधून बघा. भेटू पुढच्या भागात!